कापलेला स्क्रीनशॉट आणि फेरफार क्रमांक 1553: एका सात-बाराचे वाचन

पुणे विभागातील एका तालुक्यात 40 आर जिरायत जमीन घेण्याचा एका गृहस्थांचा विचार होता. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच जमीन खरेदीचा विषय हाती घेतला होता. दुसऱ्या गावच्या वडिलोपार्जित जमिनीवर त्यांचे नाव असल्यामुळे शेतजमीन घेण्यासाठी लागणारा शेतकरी असल्याचा पुरावा त्यांच्याकडे होता, त्यामुळे कूळकायद्याच्या कलम 63 ची अडचण नव्हती. एजंटाने त्यांना मोबाईलवर सात-बाराच्या उताऱ्याचा एक स्क्रीनशॉट पाठवला होता आणि दोन दिवसांनी एक लाख रुपये इसार द्यायचे ठरले होते. माझे रोजचे काम जमिनीची कागदपत्रे वाचण्याचे असल्यामुळे त्यांनी तो स्क्रीनशॉट मला दाखवला आणि विचारले, "साहेब, मालकाचं नाव उताऱ्यावर आहे, एवढं पुरेसं आहे ना?"

विकणाऱ्याचे नाव उताऱ्यावर खरोखरच होते. ते कोणत्या स्वरूपात होते आणि त्याच पानावर आणखी काय लिहिलेले होते, हे या प्रकरणात पाहायचे आहे. व्यक्ती, गाव आणि बँक यांची ओळख मी मुद्दाम दिलेली नाही आणि गट क्रमांकही बदलला आहे.

स्क्रीनशॉट जिथे संपतो

तो स्क्रीनशॉट पाहताना पहिली गोष्ट खटकली ती त्याची खालची कड. गाव नमुना सातच्या पानावर डावीकडे क्षेत्र आणि आकारणी, मध्ये खातेदारांची नावे आणि उजवीकडे कुळ, खंड आणि इतर अधिकार असे रकाने असतात. एजंटाने पाठवलेल्या चित्रात हे सगळे दिसत होते, परंतु उजव्या रकान्याचा शेवटचा भाग आणि त्याखालच्या ओळी कापल्या गेल्या होत्या. चित्र हेतुपुरस्सर कापले होते असे मी म्हणत नाही, कारण मोबाईलच्या पडद्यावर उतारा लांबलचक येतो आणि पुष्कळ जण वरचा अर्धाच टिपतात. मात्र 2020 मध्ये सात-बाराचा नमुना बदलला तेव्हापासून प्रलंबित फेरफाराची, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या अजून निर्णय न झालेल्या नोंदीची, माहिती इतर अधिकारांच्या रकान्यात सर्वात शेवटी येऊ लागली, म्हणजे खरेदीदाराला सर्वाधिक उपयोगाची ओळ नेमकी कापल्या जाणाऱ्या जागी असते.

दुसरी गोष्ट तारखेची. पोर्टलवरच्या उताऱ्यावर अहवाल दिनांक छापलेला असतो आणि या चित्रावरचा दिनांक 24 दिवसांपूर्वीचा होता. सात-बारा त्या दिवशीची स्थिती सांगतो. 24 दिवसांत एखादा फेरफार नोंदवला जाऊन त्याची नोटीस निघणे अगदी शक्य असते.

म्हणून आम्ही त्या चित्रावर चर्चा न करता उतारा स्वतः काढला. bhulekh.mahabhumi.gov.in या संकेतस्थळावर विभाग निवडून जिल्हा, तालुका आणि गाव भरले की गट क्रमांक टाकून उतारा विनामूल्य पाहता येतो. येथे एक बारीक काळजी घ्यावी लागते. गट 214 टाकल्यावर यादीत 214/1, 214/2, 214/3 असे हिस्से येतात आणि त्यातला चुकीचा हिस्सा निवडला तर शेजाऱ्याचा निर्वेध उतारा आपल्या हाती पडतो. आमच्या बाबतीत जमीन 214/2 ही होती. विनामूल्य उतारा केवळ माहितीसाठी असतो आणि शासकीय किंवा कायदेशीर कामासाठी चालत नाही, म्हणून digitalsatbara.mahabhumi.gov.in येथून 15 रुपये शुल्क भरून डिजिटल स्वाक्षरीचा उताराही घेतला. त्यावरच्या पडताळणी क्रमांकावरून तो खरा आहे की नाही हे कोणालाही पोर्टलवर तपासता येते. स्क्रीनशॉटबाबत अशी सोय नसते.

नाव आहे, पण क्षेत्र कोणाचे?

पूर्ण उताऱ्यावर एकूण क्षेत्र 1 हेक्टर 20 आर होते आणि भूधारणा पद्धती भोगवटादार वर्ग-1 अशी होती. वर्ग-2 ची जमीन असती तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरणच करता आले नसते. येथे तो प्रश्न नव्हता. खातेदारांच्या रकान्यात खाते क्रमांक 187 च्या पुढे पाच नावे होती. पहिल्या नावावर आडवी रेघ होती. त्याखाली एका स्त्रीचे, नंतर दोन पुरुषांचे आणि शेवटी आणखी एका स्त्रीचे नाव होते. चारही नावांपुढे फेरफार क्रमांक 1462 छापलेला होता. क्षेत्राच्या जागी एकाही नावासमोर स्वतंत्र आकडा नव्हता. शेवटच्या नावाखाली "सामाईक क्षेत्र" असे लिहून 1.20.00 असा एकच आकडा दिला होता.

रेघ मारलेले नाव म्हणजे ती व्यक्ती आता त्या जमिनीची खातेदार नाही. जुन्या उताऱ्यांवर अशी नावे कंसात असत आणि आताच्या नमुन्यात ती आडव्या रेघेने दाखवली जातात. जुन्या उताऱ्याची प्रत समोर आली आणि कंसातले नाव चालू मालकाचे समजले गेले, असे नवख्या खरेदीदारांच्या बाबतीत नेहमी घडते. या प्रकरणात रेघ विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावावर होती. 1462 हा वारसाचा फेरफार होता आणि त्यानुसार पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी यांची नावे लागली होती. आमचा विकणारा म्हणजे धाकटा मुलगा.

आता तो विकत असलेल्या 40 आर जमिनीचा हिशेब पाहू. त्याचे म्हणणे असे होते की घरात तोंडी वाटप झाले आहे, दोघा भावांना आणि आईला प्रत्येकी 40 आर आले आहेत आणि बहिणीने हक्क सोडला आहे. 40 गुणिले 3 म्हणजे 120 आर. हिशेब तंतोतंत जुळतो आणि म्हणूनच ऐकणाऱ्याला पटतो. उताऱ्यावर मात्र बहिणीचे नाव उभे होते आणि तिने हक्क सोडल्याचा फेरफार कोठेही नव्हता. स्थावर मालमत्तेतला हक्क तोंडी सोडता येत नाही, त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. असे पत्र आहे का, हे विचारल्यावर धाकट्या भावाने "ताई काही बोलणार नाही" एवढेच उत्तर दिले.

बहीण धरून हिशेब केला तर चार वारसांत 120 आर म्हणजे प्रत्येकी 30 आर. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 8 प्रमाणे पत्नी, मुलगे आणि मुलगी यांना सारखा वाटा मिळतो आणि वडिलांची आई हयात नसल्यामुळे येथे पाचवा वाटेकरी नव्हता. जमीन वडिलोपार्जित धरली तरी 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतली वाटेकरी, आहे. वडील, आई आणि तीन मुले असे पाच समान भाग मानले आणि वडिलांचा एक पंचमांश पुन्हा चौघांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला एक चतुर्थांशच येतो. दोन्ही वाटांनी गेले तरी धाकट्याकडे 30 आर आहेत आणि तो 40 आर विकायला निघाला आहे. जास्तीचे 10 आर त्याचे नाहीत.

त्याहूनही अवघड बाब अशी की हे 30 आर जमिनीवर कोठे आहेत, हे कोणीच दाखवू शकत नाही. सामाईक क्षेत्र याचा अर्थ प्रत्येक सहहिस्सेदाराचा हक्क संपूर्ण 120 आर क्षेत्रात अविभक्त स्वरूपात आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे सहहिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्सा विकता येतो, पण घेणाऱ्याला त्या बदल्यात विकणाऱ्याची जागा मिळते. त्याला वाटप मागण्याचा हक्क मिळतो, बांधाने आखलेला तुकडा मिळत नाही. एजंटाने रस्त्यालगतचा जो भाग दाखवला होता, तो धाकट्याच्या वाट्याला येईल याला त्या उताऱ्यात कसलाही आधार नव्हता. पुढे वाटपात पडणारा तुकडा तुकडेबंदी कायद्याच्या प्रमाणभूत, म्हणजे किमान, क्षेत्रापेक्षा लहान निघाला तर वेगळीच अडचण उभी राहते.

खरे पत्र, पण दुसऱ्या कर्जाचे

इतर अधिकारांच्या रकान्यात बोजाच्या, म्हणजे जमिनीवरच्या कर्जाच्या, दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीत एका बँकेचा 2,50,000 रुपयांचा बोजा, फेरफार 1301, असे लिहिलेले होते आणि त्यावर आडवी रेघ होती. दुसऱ्या ओळीत त्याच बँकेचा 4,00,000 रुपयांचा बोजा, फेरफार 1487, असे होते आणि त्यावर रेघ नव्हती. एजंटाच्या चित्रात या दोन्ही ओळी दिसत होत्या. खरेदीदारांनी त्याबद्दल विचारले तेव्हा एजंटाने बँकेच्या पत्राचा फोटो पाठवला होता. कर्ज पूर्ण फिटले असून बोजा कमी करण्यास हरकत नाही, असे त्या पत्रात स्पष्ट लिहिलेले होते, शिक्का होता, शाखाधिकाऱ्याची सही होती. खरेदीदारांचे समाधान झाले होते आणि पत्र खरेही होते.

पत्रावरची तारीख जानेवारी 2021 ची होती. आम्ही फेरफार 1487 ची प्रत काढली, तेव्हा तो 2023 मध्ये मंजूर झाल्याचे दिसले. 2021 चे पत्र 2023 मध्ये चढलेला बोजा फिटल्याचे सांगू शकत नाही, एवढे तारखांवरूनच कळते. शिवाय पत्रात कर्जदार म्हणून वडिलांचे नाव होते आणि ते 2021 च्याच अखेरीस वारले होते. ते पत्र फेरफार 1301 च्या अडीच लाखांच्या कर्जाचे होते, त्या पत्राच्या आधारे तो बोजा फेरफार 1390 ने कमी झाला होता आणि म्हणूनच त्या ओळीवर रेघ होती. वडिलांच्या मागे चौघा वारसांनी मिळून चार लाखांचे नवे कर्ज घेतले होते. त्याचे हप्ते थोरला भाऊ भरत होता आणि ते चालू होते.

धाकटा भाऊ खोटे बोलला असे मला वाटले नाही. त्याच्या लेखी "बाबांचं कर्ज" फिटलेले होते आणि दुसरे कर्ज थोरल्याचे होते. परंतु गहाण चौघांनी मिळून पूर्ण 120 आर क्षेत्राचे दिले होते. त्यामुळे त्यातला काही भाग कोणी विकत घेतला तरी बँकेचा हक्क त्या भागावर कायम राहतो आणि थोरल्या भावाने हप्ते थकवले तर वसुली नव्या खरेदीदाराच्या जमिनीपर्यंत येते. ज्याच्याशी आपला व्यवहारच झालेला नाही त्याच्या थकबाकीला आपली जमीन बांधील राहणे, ही बाब पहिल्यांदा जमीन घेणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही.

म्हणून बोजाची ओळ वाचताना मी नेहमी तीन गोष्टी एकमेकींशी लावून पाहतो: फेरफार क्रमांक, रक्कम आणि कर्जदाराचे नाव. बँकेच्या पत्रातल्या तिन्ही गोष्टी त्या ओळीशी जुळल्या तरच ते पत्र त्या बोजाचे. पत्र जुळले आणि कर्ज खरोखर फिटले असले तरी बोजा उताऱ्यावरून आपोआप उतरत नाही. बँकेच्या पत्रासह अर्ज करावा लागतो, तो तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइन देता येतो, मग बोजा कमी करण्याचा फेरफार नोंदवला जातो आणि तो मंजूर झाल्यावर ओळीवर रेघ येते. (तलाठी या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, परंतु गावात अजून जुनाच शब्द चालतो आणि मीही तोच वापरतो.) कर्ज चालू असेल तर बँकेकडून बाकी रकमेचे लेखी पत्र घ्यावे आणि खरेदीच्या रकमेतून तेवढे पैसे विकणाऱ्याच्या हातात न देता थेट कर्जखात्यावर भरावेत.

उलट बाजूही येथे सांगायला हवी, कारण इतर अधिकारांचा रकाना कोरा दिसला की अनेक जण निर्धास्त होतात. हक्कलेख बँकेत ठेवून घेतलेले कर्ज, दुसऱ्या कोणाशी केलेले साठेखत किंवा दिवाणी न्यायालयात चालू असलेला दावा यांची नोंद या रकान्यात असेलच असे नाही. त्यातल्या नोंदणी झालेल्या दस्तांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयाच्या सूची 2 चा शोध वेगळा घ्यावा लागतो आणि वकील तो साधारणपणे 30 वर्षांचा घेतात.

फेरफार 1553

एजंटाच्या चित्राबाहेर राहिलेल्या भागात दोन नोंदी होत्या. "शेवटचा फेरफार क्रमांक" या शब्दांपुढे 1487 होता. "प्रलंबित फेरफार" या शब्दांपुढे एरवी "नाही" असते, तेथे 1553 हा क्रमांक होता.

याचा अर्थ असा की या गटावर मंजूर होऊन उताऱ्यात उतरलेला शेवटचा बदल 1487 चा आहे, परंतु 1553 क्रमांकाचा आणखी एक बदल नोंदवला गेलेला असून त्याचा निर्णय व्हायचा आहे. तो निर्णय होईपर्यंत खातेदारांचा रकाना जुनीच स्थिती दाखवत राहतो. उतारा मालकी कालची सांगतो आणि प्रलंबित फेरफाराची ओळ उद्या काय बदलू शकते ते सांगते, इतका या ओळीचा अर्थ मोठा आहे.

फेरफाराचा प्रवास माहीत असेल तर हे लगेच उमगते. खरेदीखत नोंदवले गेले की त्याची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयाकडून महसूल यंत्रणेकडे जाते आणि तलाठी गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवहीत नवा क्रमांक घेऊन नोंद करतो. वारस किंवा बोजा यांसारख्या बाबतीत अर्जावरून नोंद होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 प्रमाणे त्या नोंदीची प्रत चावडीवर लावली जाते आणि हितसंबंधितांना नोटीस दिली जाते. हरकतीसाठी 15 दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी, ज्यांना गावात सर्कल म्हणतात, कागद तपासून नोंद मंजूर करतात आणि मगच उतारा बदलतो. हरकत आली तर ती तक्रारी नोंद होते आणि सुनावणी होऊन आदेश निघेपर्यंत तशीच राहते.

चावडीवरची ही नोटीस आता "आपली चावडी" या पानावर घरबसल्या दिसते. जिल्हा, तालुका आणि गाव निवडले की त्या गावात नोंदवलेल्या फेरफारांची यादी येते आणि त्यात फेरफाराचा प्रकार, दिनांक, हरकतीची अंतिम मुदत आणि गट क्रमांक असतात. 1553 समोर प्रकार "खरेदी" असा होता आणि गट 214/2. हरकतीची मुदत संपून सहा आठवडे झाले होते.

मुदत संपून इतके दिवस झाले आणि तरीही नोंद मंजूर नाही, हीच खूण होती. हरकत नसलेली नोंद क्वचितच एवढी रेंगाळते. तलाठी कार्यालयात जाऊन विचारल्यावर कळले की थोरल्या भावाने चार महिन्यांपूर्वी "माझ्या वाट्याचे 40 आर" एका तिसऱ्या माणसाला नोंदणीकृत खरेदीखताने विकले होते, त्याचा फेरफार 1553 नोंदवला गेल्यावर नोटीस बहिणीला मिळाली आणि तिने लेखी हरकत घेतली. हक्क सोडलेला नाही, वाटप झालेले नाही आणि भावाचा हिस्सा 40 आर नाही, अशी तिची हरकत होती. प्रकरण तक्रारी नोंद म्हणून तहसील कार्यालयात सुनावणीवर होते. काही न बोलणारी म्हणून जिची ओळख आम्हाला करून दिली गेली होती, तिने सगळ्यांत स्पष्ट शब्दांत आपले म्हणणे कागदावर मांडले होते.

धाकट्या भावाला हे माहीत होते. त्याचे उत्तर होते, "ते दादाचं प्रकरण आहे, माझ्या हिश्श्याशी त्याचा काय संबंध?" जमीन वाटलेली असती तर हे उत्तर योग्य ठरले असते. अविभक्त 120 आर क्षेत्रात थोरल्याचे 40 की 30 हे ठरल्याशिवाय धाकट्याचे किती हे ठरत नाही. खरेदीदारांनी खरेदीखत केले असते तर त्यांचाही फेरफार याच रांगेत, याच बहिणीच्या याच हरकतीखाली येऊन थांबला असता.

मंजूर आणि नामंजूर यांचा खरा अर्थ

येथे खरेदीदारांनी एक चांगला प्रश्न विचारला. तहसीलदारांनी 1553 नामंजूर केला तर तो तिसरा खरेदीदार बाजूला होईल आणि आपला मार्ग मोकळा होईल का?

होणार नाही. फेरफार ही महसुलाची नोंद आहे. त्याने मालकी निर्माण होत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या सावर्णी विरुद्ध इंदर कौर या निकालात सांगितले आणि नंतरही वेळोवेळी तेच म्हटले आहे. फेरफार नामंजूर झाला म्हणून नोंदणीकृत खरेदीखत रद्द होत नाही. ते रद्द करायचे असेल तर दिवाणी न्यायालयात जावे लागते. सूची 2 चा शोध घेतल्यावर थोरल्या भावाचे ते खरेदीखत आम्हाला सापडलेही. तो खरेदीदार उद्या 30 आर पुरते आपले हक्क मागत वाटपाचा दावा करू शकतो.

मंजूर झालेली नोंदही अंतिम नसते. संहितेच्या कलम 157 प्रमाणे प्रमाणित नोंद खरी आहे असे गृहीत धरले जाते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. शिवाय आदेशाविरुद्ध कलम 247 खाली वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते आणि तहसील पातळीवरच्या आदेशासाठी त्याची मुदत 60 दिवसांची आहे. म्हणून नुकताच मंजूर झालेला फेरफार दाखवून कोणी घाई करत असेल, तर मंजुरीची तारीख पाहून किमान ती मुदत उलटेपर्यंत थांबण्यात खरेदीदाराचे नुकसान नसते.

मी प्रत्येक जिवंत नावामागचा आणि प्रत्येक चालू बोजामागचा फेरफार काढून वाचावा असे सांगतो, ते याच कारणाने. फेरफाराची प्रतही पोर्टलवर शुल्क भरून मिळते. त्यात नोंदीचा क्रमांक, संपादन केलेल्या अधिकाराचे स्वरूप, परिणाम झालेले गट आणि चाचणी अधिकाऱ्याचा शेरा असे चार रकाने असतात. पैकी शेवटचा शेरा आधी वाचावा. फेरफार 1462 मध्ये तेथे "वारस चौकशी केली, नोटीस बजावली, हरकत नाही, नोंद मंजूर" असे होते आणि दुसऱ्या रकान्यात मुलीचे नाव "विवाहित" या शब्दासह वारस म्हणून स्पष्ट लिहिलेले होते. म्हणजे ज्या दिवशी धाकट्याचे नाव उताऱ्यावर लागले, त्याच दिवशी, त्याच नोंदीने बहिणीचेही लागले. ज्या फेरफाराच्या आधारावर तो मालक म्हणून उभा होता, तोच फेरफार त्याचे 40 आर नाकारत होता.

पुढे काय झाले

खरेदीदारांनी इसार दिला नाही. त्यांनी विकणाऱ्याला लेखी कळवले की बहिणीसह चौघांमध्ये नोंदणीकृत वाटप व्हावे, किंवा चौघांनी मिळून खरेदीखतावर सह्या कराव्यात. चार लाखांच्या कर्जाची बाकी खरेदीच्या रकमेतून थेट बँकेत भरली जावी. आणि 1553 चा वाद, त्या तिसऱ्या खरेदीदाराच्या दस्तासह, आधी मिटावा. एजंटाचे म्हणणे होते की इतके पाहत बसले तर तालुक्यात कोणालाच जमीन मिळणार नाही आणि दुसरे गिऱ्हाईक तयार आहे. ते गिऱ्हाईक कोण होते मला माहीत नाही, पण खरेदीदार त्या बोलण्याने हलले नाहीत, याचे मला मनापासून बरे वाटले.

त्यानंतर ते स्वतःच दर महिन्याला 214/2 चा उतारा काढत आणि सर्वात आधी खालची ओळ पाहत. तिसऱ्या महिन्यात त्यांचा फोन आला. 1553 ची सुनावणी होऊन नोंद नामंजूर झाली होती. तरीही "प्रलंबित फेरफार" या शब्दांपुढे "नाही" आलेले नव्हते. तेथे 1571 होता. आपली चावडीवर त्याचा प्रकार "बोजा" असा होता, म्हणजे याच सामाईक क्षेत्रावर आणखी एक कर्ज चढण्याच्या मार्गावर होते. त्यांनी त्या पानाचा स्क्रीनशॉट मला पाठवला. या वेळी तो पूर्ण होता, अहवाल दिनांकापासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि त्याखाली त्यांनी लिहिले होते की शेजारच्या गावातल्या एका गटाचा उतारा काढला आहे, त्यात एकच नाव आहे, रकान्यात बोजा नाही आणि प्रलंबित फेरफारही नाही, परंतु त्या नावामागचा फेरफार अजून वाचायचा आहे.